चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्याच

लग्नाचा अल्बम हातात आला की घरातली बायकामंडळी पहिल्यांदा दागिने पाहतात, मग साडी, आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "चेहरा केवढा पांढरा आलाय गं, मान बघ." नवरी प्रत्यक्षात तशी दिसत नव्हती, हे सगळ्यांना आठवत असतं. मांडवात शोभून दिसलेला मेकअप फोटोत मात्र हनुवटीच्या रेषेवर येऊन तुटतो. वर गुलाबी-गोरा चेहरा, खाली गव्हाळ मान, आणि मधे एखादी सीमारेषा आखावी तसा फरक.

यात मेकअप करणारीचा दोष असेलच असं नाही. फाउंडेशनमध्ये आणि सनस्क्रीनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतं, वरून लावायच्या सेटिंग पावडरमध्ये बहुतेक वेळा सिलिका असते. हे पांढरे बारीक कण प्रकाश परत फेकतात. हॉलच्या पिवळसर दिव्यांत ते जाणवत नाही, कारण प्रकाश चहूबाजूंनी येत असतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मात्र समोरून जातो आणि लेन्सच्या दिशेनेच परततो, तेव्हा चेहऱ्यावर पांढुरकी झाक चढते. मानेला पावडर नसते, म्हणून ती आपल्या मूळ रंगात राहते. त्यात फाउंडेशनची छटा जबड्यावर लावून पाहण्याऐवजी हाताच्या पाठीवर लावून निवडली असेल तर फरक आणखी वाढतो.

आपल्याकडे यात एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे हळद. आदल्या दिवशी चोळलेल्या हळदीचा पिवळा अंश मानेवर, कानामागे, दंडावर रेंगाळतो. चेहरा मेकअपखाली झाकला जातो, मान तशीच राहते. हळदीतलं कर्क्युमिन निळा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे फोटोत मान नुसती सावळी नाही तर पिवळीही दिसते. त्यावर पिवळा शालू नेसलेला असेल तर त्याचं प्रतिबिंब खालून गळ्यावर पडतं ते वेगळंच.

म्हणूनच "चेहरा जरा काळा करा" किंवा "मान जरा उजळवा" या सूचनेने काम भागत नाही. उजेडाचा फरक आणि रंगाचा फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी समोर असतात.

अनुभवी रिटचर म्हणूनच डोळ्यांच्या आधी आकड्यांकडे पाहतो. फोटोशॉपमध्ये आयड्रॉपर घेऊन त्याचा Sample Size एका पिक्सेलवरून 11 by 11 Average वर न्यायचा, म्हणजे एखादा तीळ किंवा चकाकी आकडा बिघडवत नाही. मग Color Sampler या साधनाने दोन खुणा ठेवायच्या आणि Info पॅनलमध्ये लाल, हिरवा, निळा यांचे आकडे वाचायचे. हे आकडे 0 ते 255 या पट्टीवर असतात. माणसाची त्वचा कुठल्याही वर्णाची असो, साध्या प्रकाशात लाल सगळ्यात जास्त, हिरवा मधे आणि निळा सगळ्यात कमी, हा क्रम सहसा मोडत नाही.

खुणा कुठे ठेवायच्या, यात खरं कसब आहे. हनुवटीच्या खाली ठेवलेली खूण फसवते. तिथे सावली असतेच, असायलाच हवी. ती सावली पाहून कुणी मान उजळवायला घेतली, तर जबड्याची कड नाहीशी होते आणि चेहरा थेट छातीतून उगवल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा गळ्याच्या खाली, हासळीच्या हाडाजवळची, दागिने नसलेली जागा निवडावी. चेहऱ्यावरही गालाचं चमकणारं उंच टोक सोडून जबड्याजवळचा सपाट भाग घ्यावा. दोन्ही जागांवर प्रकाश सारखा पडलेला असला पाहिजे. कपाळ आणि गळा यांची तुलना करून चालत नाही.

समजा, एका नवरीच्या फोटोत जबड्याजवळ 221, 182, 165 असे आकडे आले आणि हासळीजवळ 193, 145, 112. लाल रंगात फरक 28 चा आहे, हिरव्यात 37 चा, पण निळ्यात तब्बल 53 चा. म्हणजे चेहरा नुसता उजळ नाही, त्यात निळा वाढलेला आहे, आणि म्हणून तो गुलाबी-पांढुरका दिसतोय. आता सगळे रंग सारख्याच प्रमाणात उतरवले तर चेहरा गडद होईल, पण थंड आणि राखाडी राहील, आजारी माणसासारखा. नवशिक्यांची फसगत बहुधा इथेच होते.

बदलायचं काय, चेहरा की मान? घरची मंडळी बहुतेक वेळा मान उजळवायला सांगतात, आणि त्यामागचा गोरेपणाचा हट्ट कुणापासून लपलेला नाही. तो बाजूला ठेवला तरी तांत्रिक कारण उलट बाजूचं आहे. सावलीतली मान वर ओढली की तिथला रवाळपणा उघडा पडतो, आणि मंगळसूत्र, ठुशी, चिंचपेटी यांचं सोनं फिक्कट पडतं. शिवाय मग हात राहतात, दंड राहतात, पाठ राहते. बदलायचं क्षेत्र वाढत जातं. मूळ त्वचा गळ्याची आहे, परका रंग चेहऱ्यावर आहे. म्हणून चेहरा खाली आणावा, तोही पुरता नाही.

त्यासाठी फोटोवर एक Curves अॅडजस्टमेंट लेयर चढवायचा. त्यात लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनल वेगवेगळे उघडतात. लाल चॅनलमध्ये 221 वर बिंदू ठेवून तो 200 वर आणायचा, हिरव्यात 182 चा 154 करायचा, निळ्यात 165 चा 122. हे आकडे गळ्याच्या आकड्यांपेक्षा मुद्दाम सात ते दहा अंकांनी वर ठेवले आहेत. चेहरा सहसा मानेपेक्षा थोडा उजळ दिसतो, कारण तो प्रकाशाकडे वळलेला असतो, आणि मेकअप केलाय हे पुसून टाकायचं नसतं. वक्ररेषेची दोन्ही टोकं जागेवरच राहतात, त्यामुळे नाकाच्या शेंड्यावरची झळाळी आणि काजळाचा काळा रंग फारसा हलत नाही.

हे केल्यावर सगळा फोटोच तपकिरी होतो, घाबरायचं कारण नाही. लेयरचा मास्क निवडून Ctrl+I दाबला की मास्क काळा होतो आणि बदल झाकला जातो. मग पांढऱ्या रंगाचा मऊ ब्रश घेऊन, Flow 10 ते 15 टक्क्यांवर ठेवून, फक्त चेहऱ्याच्या त्वचेवर हळूहळू रंगवत जायचं. डोळ्यांचं पांढरं, दात, ओठ, कुंकू, नथीचे मोती आणि मुंडावळ्या सोडायच्या. निळा एवढा उतरवलेला असताना ब्रश दातांवरून गेला तर दात पिवळे होतात, मोती तर लगेच जुने दिसू लागतात. जबड्याच्या कडेशी ब्रश लहान आणि थोडा कडक करावा. तिथे मऊ ब्रश वापरला की बदल मानेवर सांडतो आणि हनुवटीखाली मळकट पट्टा तयार होतो.

कान मात्र विसरायचे नाहीत. बऱ्याचदा कानाला फाउंडेशन लागलेलंच नसतं, त्यामुळे चेहरा उतरवला की कान आपोआप जुळतात आणि त्यांना हात लावावा लागत नाही. कधी मात्र कानावरही पावडर पडलेली असते, आणि दुरुस्त केलेल्या गव्हाळ चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन पांढरट कान उरतात. एकदा ते दिसले की नजर तिथून हलत नाही.

काम जमलं की नाही, हे पाहायला एक सोपी पद्धत आहे. सगळ्यात वर पूर्ण काळ्या रंगाचा लेयर घालून त्याचा ब्लेंड मोड Color करायचा. फोटो कृष्णधवल होतो आणि फक्त उजेडाचा फरक उरतो. चेहरा अजूनही मुखवट्यासारखा वेगळा दिसत असेल तर उजेड जुळलेला नाही. कृष्णधवलमध्ये सगळं ठीक आणि रंगीतमध्ये खटकतंय, असं असेल तर दोष रंगात आहे आणि बहुधा निळ्या चॅनलमध्येच सापडतो. तपासून झालं की तो लेयर काढून टाकायचा. फोटो पडद्यावर नखाएवढा लहान करून पाहणंही उपयोगी पडतं, कारण मोठ्या आकारात नजर बारकाव्यांत गुंतते.

उन्हाने रांपलेल्या चेहऱ्याची गोष्ट उलटी असते. तिथे चेहरा गडद आणि बंद गळ्याखालची कातडी उजळ. शेतावर राबणारे, दिवसभर मैदानावर असणारे क्रिकेटपटू, टोपी घालणारे पोलिस यांच्या कपाळावर तर आडवी रेघच दिसते. पद्धत तीच, दिशा वेगळी. फक्त रांपणं आणि लाल होणं यांत फरक करावा लागतो. रांपलेल्या त्वचेत मेलॅनिन वाढतं आणि ते निळा प्रकाश सर्वांत जास्त खातं, म्हणून निळा चॅनल थोडा वर न्यावा लागतो. उन्हाने ताजी भाजलेली त्वचा लाल होते ती रक्तामुळे, आणि रक्त हिरवा प्रकाश शोषतं. अशा वेळी हिरवा चॅनल उचलला की लाली उतरते. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर चेहरा जांभळट किंवा हिरवट होतो. पण गावाकडच्या आजोबांच्या फोटोत ही जुळवाजुळव करूच नये, असं बरेच फोटोग्राफर मानतात, आणि ते बरोबरच आहे. तो रंग त्यांचा स्वतःचा असतो.

काही फोटो मात्र वाचत नाहीत. फ्लॅश फार जवळून पडला असेल तर कपाळावर, गालावर लाल चॅनल 255 ला जाऊन टेकतो. तिथे त्वचेचा पोत नोंदलाच गेलेला नसतो. तो भाग खाली ओढला की कातडीऐवजी एकसारखा सपाट डाग मिळतो, चुना लावून वर रंग दिल्यासारखा. फोटो रॉ स्वरूपात काढला असेल तर हरवलेला काही तपशील परत मिळतो, जेपेगमध्ये ती आशा धरू नये. मांडवात फ्लॅश छताकडे किंवा मागच्या भिंतीकडे वळवून उडवला असता, आणि मेकअप संपल्या संपल्या एक चाचणी फोटो काढून पाहिला असता, तर हे सगळं टळलं असतं. मेकअप करणारीला त्या एका फोटोवरून पावडर पुसायला किंवा तोच हात मानेवर, कानांवर फिरवायला पाच मिनिटं पुरतात.

एका फोटोवरचा Curves लेयर उचलून दुसऱ्या फोटोवर टाकता येतो, आणि एकाच जागी, एकाच उजेडात काढलेल्या फोटोंना तो बऱ्यापैकी लागूही पडतो. मास्क मात्र दरवेळी नव्याने रंगवावा लागतो, आणि लग्न लागल्यानंतर मंडळी बाहेर उन्हात आली की आकडेही नव्याने वाचावे लागतात. छपाईचा मुद्दा वेगळा. दुकानातला मॉनिटर बहुधा गरजेपेक्षा झगझगीत ठेवलेला असतो. पडद्यावर जुळलेली मान कागदावर एक पायरी गडद उतरते आणि मिटवलेली रेघ पुन्हा दिसू लागते. म्हणून अख्खा अल्बम लॅबला पाठवण्याआधी नवरीचा जवळून घेतलेला एक फोटो त्याच कागदावर, 4 बाय 6 इंचांत छापून मागवावा आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी नेऊन पाहावा.