रक्ताचा बुधवार

आमच्या मनोरुग्ण वॉर्डात बुधवारची सकाळ रक्ताची असते. साडेसहाला ट्रे घेऊन निघायचं, क्लोझापिन सुरू असलेल्या प्रत्येकाची एक ट्यूब भरायची आणि सीबीसीसाठी लॅबला पाठवायची. संध्याकाळी रिपोर्ट हातात आल्याशिवाय पुढच्या आठवड्याच्या गोळ्या कपाटातून काढायच्या नाहीत. नव्या सिस्टरला मी पहिल्या दिवशी एवढंच सांगते: रिपोर्ट नाही, तर गोळी नाही.

क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध आहे, पण ते पहिल्या फटक्यात कुणी देत नाही. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी निदान सहा आठवडे देऊनही आवाज ऐकू येणं आणि संशय कमी झाला नाही, तर त्याचा विचार होतो. १९८८ साली अमेरिकेत अशाच २६८ रुग्णांवर अभ्यास झाला. सहा आठवड्यांत क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के सुधारले, जुन्या औषधावरचे फक्त ४ टक्के. पुढच्याच वर्षी तिथे त्याला परवानगी मिळाली. पण त्याआधी, १९७५ मध्ये, फिनलंडमध्ये या औषधामुळे काही रुग्णांच्या रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या आणि ८ जण साध्या संसर्गाने दगावले. हा धोका शंभरात एकाहूनही कमी जणांना असतो आणि वेळेत कळला तर टळतो. बुधवारचं रक्त त्यासाठीच.

सुरुवात कशी करतो ते एका पेशंटच्या गोष्टीतून सांगते. त्याला आपण सुनील म्हणू. वय अठ्ठावीस, शिक्षण अर्धवट सुटलेलं, दोन औषधं करून झालेली. औषध सुरू करण्यापूर्वी त्याचं सीबीसी, ईसीजी, साखर, वजन आणि ट्रोपोनिन व सीआरपी या तपासण्या झाल्या. आधीपासून चालू असलेलं कार्बामाझेपिन डॉक्टरांनी बंद केलं, कारण तेही पांढऱ्या पेशी कमी करतं.

पहिली गोळी २५ मिलिग्रॅमची अर्धी, म्हणजे साडेबारा. ती आम्ही सकाळीच देतो, कारण पुढचे सहा तास दर तासाला नाडी, बीपी आणि ताप बघायचा असतो. बीपी दोनदा घ्यायचं: आडवं असताना, मग उभं राहून मिनिटभरानं. वरचा आकडा २० ने घसरला, किंवा पेशंट म्हणाला, ‘सिस्टर, डोळ्यांपुढे अंधारी आली,’ तर त्याला लगेच झोपवायचं, डॉक्टरांना कळवायचं आणि डोस वाढवायचा नाही. दुसऱ्या दिवशी २५, मग हळूहळू वर. आशियाई माणसांच्या शरीरात हे औषध सावकाश बाहेर पडतं, म्हणून पाश्चात्त्य पुस्तकातल्या वेगाने आम्ही धावत नाही. सुनीलला दोनशेवर यायला चार आठवडे लागले.

या पहिल्या चार आठवड्यांत ताप आला, छातीत दुखलं, दम लागला किंवा बसल्या जागी नाडी एकशेवीसच्या वर गेली, तर ‘हवा बदललीय’ म्हणून सोडायचं नाही. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका याच काळात असतो. त्यासाठी ट्रोपोनिन आणि सीआरपी दर आठवड्याला पाहतो.

आता रक्ताचा हिशेब. लॅबच्या कागदावर पांढऱ्या पेशींची एकूण संख्या आणि त्यातल्या न्यूट्रोफिलचे टक्के असतात. आपल्याला हवी असते न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या. वॉर्डात तिला एएनसी म्हणतात. एकूण संख्येला टक्क्यांनी गुणायचं आणि शंभरानं भागायचं. सुरुवातीला सुनीलचा आकडा होता ७२०० चे ६० टक्के, म्हणजे ४३२०.

नवव्या आठवड्यात एका सोमवारी तो म्हणाला, ‘सिस्टर, घसा खवखवतोय.’ आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, ‘एक पॅरासिटामॉल द्या की, बरं वाटेल.’ मी म्हटलं, ‘मावशी, आधी रक्त घेऊ, गोळीचं नंतर बघू.’ क्लोझापिनच्या पेशंटचा घसा दुखला, तोंडात फोड आले किंवा ताप आला, तर बुधवारची वाट बघायची नसते. त्याच दिवशी सीबीसी करायचं.

रिपोर्ट आला: एकूण पेशी ४१००. लॅबची मर्यादा चार हजारांपासून सुरू होते, त्यामुळे कागदावर लाल खूण नव्हती. वरवर बघणाऱ्यानं ‘नॉर्मल’ म्हणून फाईलला लावला असता. पण न्यूट्रोफिल होते ४२ टक्के. ४१०० चे ४२ टक्के म्हणजे १७२२. आमच्या तक्त्यात एएनसी दोन हजारांच्या वर आणि एकूण पेशी साडेतीन हजारांच्या वर असतील, तर हिरवं. एएनसी दीड ते दोन हजार किंवा एकूण पेशी तीन ते साडेतीन हजार असतील, तर पिवळं: औषध चालू, पण रक्त आठवड्यातून दोनदा. दोन्हींपैकी एकही आकडा त्याखाली गेला, की लाल: गोळी त्याच क्षणी बंद, डॉक्टरांना फोन, रोज रक्त आणि संसर्गाची काटेकोर तपासणी.

सुनील पिवळ्यात होता. डॉक्टरांनी घसा तपासला, डोस आहे तिथेच ठेवला. गुरुवारच्या रक्तात ४६०० चे ४८ टक्के, म्हणजे २२०८. पुन्हा हिरवं. घसा साध्या सर्दीचा होता आणि ज्या औषधाने त्याचे आवाज थांबत आले होते, ते त्याच्यापासून सुटलं नाही. गुणाकार केला नसता, तर पुढच्या आठवड्यापर्यंत आम्हाला काहीच कळलं नसतं.

आणखी एक गोष्ट आम्ही रोज विचारतो आणि पेशंट स्वतःहून कधीच सांगत नाही: पोट साफ झालं का? क्लोझापिनने आतडी मंदावतात आणि ती तुंबून जीवही जाऊ शकतो. म्हणून शौचाची नोंद चार्टवर असते. दोन दिवस रिकामे गेले, की डॉक्टरांना सांगायचं. पोट फुगलं, दुखलं किंवा उलटी झाली, तर त्याच तासाला.

रक्ताचं वेळापत्रक असं: पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, मग वर्षभरापर्यंत पंधरा दिवसांनी, त्यानंतर औषध चालू असेतोवर दर चार आठवड्यांनी. बहुतेक धोका त्या पहिल्या अठरा आठवड्यांत असतो.

घरी जाताना सुनीलच्या आईला मी एक चिठ्ठी दिली आणि ती मोठ्यानं वाचून घेतली. घरात कुणी क्लोझापिन घेत असेल, तर तुम्हीही ती लक्षात ठेवा. ताप किंवा घसादुखी आली, तर त्याच दिवशी रक्त तपासा. आणि गोळ्या ४८ तासांपेक्षा जास्त चुकल्या, तर जुना डोस एकदम देऊ नका. शरीराची सवय मोडलेली असते. तोच डोस बीपी पाडून माणसाला बेशुद्ध करू शकतो. डॉक्टरांना फोन करा. सुरुवात पुन्हा साडेबारा मिलिग्रॅमपासूनच होते.