पायरीची कड आणि अधू नजर

पायरी दिसते असे म्हटले जाते तेव्हा प्रत्यक्षात दिसते ती तिची कड, म्हणजे जिथे एक पृष्ठभाग संपून दुसरा सुरू होतो ती रेघ; आणि ही रेघ डोळ्याला जाणवते ती मुख्यतः त्या दोन पृष्ठभागांच्या उजळपणात फरक असतो म्हणून. तरुण डोळा हा फरक अगदी थोडा असला तरी टिपतो, शिवाय दगडाचा पोत, रंगाची छटा आणि दोन डोळ्यांनी मिळून येणारा खोलीचा अंदाज अशा इतर खुणाही त्याच्या मदतीला असतात. वय वाढते तसतसा या खुणांपैकी एकेकीचा आधार सुटत जातो, आणि शेवटी भिस्त उरते ती बहुतांशी उजळ आणि गडद यांच्यातील भेदावर.

याची कारणे डोळ्याच्या रचनेतच आहेत. उतारवयात बाहुली आक्रसते आणि अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही. डोळ्यातील भिंग पिवळसर व दाट होते. या दोहोंमुळे साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो, असे मानले जाते. मोतीबिंदू असेल तर आत शिरलेला प्रकाश भिंगात विखुरतो आणि त्याचे धुक्यासारखे आवरण सबंध चित्रावर पसरते, म्हणजे गडद भाग फिकट होतात आणि कडा पुसट होतात. नेत्रतपासणीत भिंतीवरच्या तक्त्यावरील काळीकुळकुळीत अक्षरे वाचणारी आजी घरच्या जिन्यावर अडखळते याचे कारण हेच, की तो तक्ता अक्षर किती लहान वाचता येते हे मोजतो, किती फिकट वाचता येते हे नव्हे. दुसरी गोष्ट मोजण्यासाठी १९८८ साली पेली-रॉबसन तक्ता तयार झाला. त्यात सर्व अक्षरे एकाच आकाराची असतात आणि तीन-तीन अक्षरांच्या गटाने फिकी होत जातात. ऑस्ट्रेलियात वापरात आलेल्या मेलबर्न एज चाचणीत तर अक्षरेही नाहीत. गोल ठिपक्याच्या मधोमध एक कड असते, ती उत्तरोत्तर पुसट होत जाते, आणि ती कोणत्या दिशेला आहे एवढेच सांगायचे असते. पायरीच्या दृष्टीने ही चाचणी अधिक जवळची म्हणावी लागेल.

पृष्ठभाग किती उजळ आहे हे सांगण्यासाठी बांधकामाच्या व्यवहारात प्रकाश-परावर्तन मूल्य वापरतात; पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के तो पृष्ठभाग परत फेकतो, याचा तो आकडा होय. पूर्ण काळ्याला शून्य, पूर्ण पांढऱ्याला शंभर. लगतच्या दोन पृष्ठभागांत किमान ३० गुणांचे अंतर असावे, असा ब्रिटनमधील सुगम इमारतींच्या मार्गदर्शनाचा ढोबळ दंडक आहे. या मोजपट्टीत रंगाला जागाच नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी घरोघरी फसगत होते.

उदाहरणादाखल शहाबादी फरशीच्या पायऱ्या असलेला, दोन भिंतींमधून उतरणारा नऊ पायऱ्यांचा जिना घेता येईल. महाराष्ट्रातील जुन्या दुमजली घरांत असा जिना सर्रास आढळतो. पायरीचा आडवा भाग शहाबादी, उभा भागही शहाबादी, आणि खाली उतरल्यावर लागणारी पडवीही त्याच फरशीची. चढताना उभा भाग समोर येत असल्याने आणि त्यावर सावली पडत असल्याने पायऱ्या तरी सुट्या दिसतात. उतरताना मात्र उभे भाग दृष्टीआड होतात, फक्त आडवे भाग एकापुढे एक दिसतात, आणि सगळा दगड एकाच करड्या रंगाचा असल्यामुळे अधू नजरेला जिना घसरगुंडीसारखा सलग उतार वाटू लागतो. त्यातही शेवटची पायरी पडवीत विरघळून जाते. जमीन आली असे समजून टाकलेले पाऊल अधांतरी पडते ते बहुधा तिथेच.

अशा जिन्याला घरची मंडळी पुष्कळदा हौसेने लाल पट्टे मारतात, कारण लाल रंग धोक्याचा आणि सहज नजरेत भरणारा. कोरड्या शहाबादी दगडाचे परावर्तन मूल्य अंदाजे २५ धरले आणि गडद लाल ऑइलपेंटचे १२ च्या आसपास धरले, तर दोहोंतील अंतर जेमतेम १३ भरते. संध्याकाळच्या उजेडात हा पट्टा दगडात मिसळून जातो. काळी पट्टी लावली तर अंतर वीसच्या घरात येते, म्हणजे तीही कमीच पडते. निळ्या रंगाची अडचण निराळी आहे: पिवळसर भिंग निळा प्रकाश अडवत असल्याने तो रंग वृद्ध डोळ्याला असतो त्याहून काळपट दिसतो. लख्ख पिवळ्याचे मूल्य साठ-पासष्टच्या आसपास असल्याने करड्या दगडावर तो दंडक ओलांडतो, पांढरा त्याहूनही सरस ठरतो, पण पायाखाली लवकर मळतो. याउलट पायऱ्या पांढऱ्या संगमरवराच्या किंवा फिकट टाइलच्या असतील तर पिवळा निरुपयोगी होतो आणि तिथे काळी किंवा गडद तपकिरी पट्टीच हवी. म्हणजे पट्टीचा एकच सर्वोत्तम रंग सांगता येत नाही, पायरी पाहिल्यावरच तो ठरतो.

निवड बरोबर झाली की नाही हे ताडण्याचा सोपा उपाय म्हणजे जिथून पायरी पाहिली जाते तिथूनच, म्हणजे वरच्या पायरीवर उभे राहून, मोबाइलने कृष्णधवल छायाचित्र काढणे. रंग निघून गेल्यावरही पट्टी ठळक उरली तर ती कामाची, आणि करड्यात करडी होऊन गेली तर ती केवळ शोभेची. ही तपासणी भर दुपारी न करता दिवेलागणीच्या सुमारास करावी, आणि मोबाइल स्वतःहून उजेड वाढवतो हे ध्यानात ठेवून छायाचित्र डोळे बारीक करून पाहावे.

पट्टी कोणत्या रंगाची याइतकेच ती कुठे हेही महत्त्वाचे आहे. ती साधारण पाच सेंटिमीटर रुंद, पायरीच्या पूर्ण लांबीभर आणि कडेला अगदी भिडलेली असावी. दिसायला नीटनेटके म्हणून ती दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवली, तर पाहणारा पट्टीच्या पुढच्या रेघेलाच पायरीची कड समजतो, त्या हिशेबाने पाऊल उचलतो आणि उतरताना टाच खऱ्या कडेच्या धोकादायक जवळून जाते. ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी पायऱ्या उतरणाऱ्यांच्या पावलांची मापे घेऊन हा परिणाम २०१४ साली दाखवून दिला आहे. जुन्या जिन्यांत आणखी एक पेच असतो: पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराने दगडाची कड झिजून गोल झालेली असते, आणि सपाट भागापुरतीच पट्टी लावली तर ती आपोआप आत सरकते. अशा वेळी रंग गोलाईवरून खाली उभ्या भागावर तीन-चार सेंटिमीटर उतरवावा, म्हणजे चढतानाही त्याचा उपयोग होतो. बाजारात मिळणारी तिरक्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची चिकटपट्टी मात्र टाळलेली बरी, कारण तिचे तुकडे कडेची सलग रेघ मोडतात. उंबरठ्याच्या मधोमध चिकटवलेल्या रांगोळीच्या छापील पट्ट्यांचेही तेच होते. नजर नक्षीवर खिळते आणि कड बाजूलाच राहते.

रंगाचे काम उजेडावाचून अपुरे आहे. अंधूक उजेडात दगड आणि पट्टी यांचे परस्पर प्रमाण तेच राहते, पण ते ओळखण्याची डोळ्याची ताकद घटते. कामाच्या ठिकाणांसाठीच्या युरोपीय मानकात जिन्यावर सुमारे १०० लक्स प्रकाश अपेक्षिला जातो. लक्स म्हणजे पृष्ठभागावर प्रत्यक्ष पडणाऱ्या प्रकाशाचे माप, आणि अधू नजरेसाठी याच्या दुप्पट उजेड असला तर चांगले. वर उल्लेखिलेल्या जिन्यात दिवा बहुतेक वेळा वरच्या दारावर, भिंतीत ठोकलेल्या होल्डरमध्ये असतो. तो बल्ब अधिक वॉटचा केला की काम भागले असे समजले जाते, पण उतरणाऱ्याच्या पाठीमागून येणारा तो प्रकाश त्याचीच सावली पुढच्या दोन-तीन पायऱ्यांवर टाकतो, म्हणजे ज्या पायऱ्या दिसायला हव्यात त्याच काळोखात जातात, आणि बल्ब जितका प्रखर तितकी ती सावली गडद. खालच्या टोकाला उघडी खिडकी असेल तर त्रास उलट दिशेने होतो: समोरचा झगझगाट मोतीबिंदूच्या डोळ्यात विखुरतो, बाहुली आणखी आक्रसते आणि पायऱ्या काळ्या ठिक्कर पडतात. खिडकीच्या गजांची सावली पायऱ्यांवर पडत असेल तर तीही कडेसारखीच दिसते, आणि नसलेली पायरी शोधत पाऊल चाचपडते.

यावरचा तोडगा दिवा मोठा करण्यात नसून तो हलवण्यात आहे. कडेच्या भिंतीवर, एक वरच्या तिसऱ्या पायरीजवळ आणि एक खालच्या दुसऱ्या पायरीजवळ असे दोन दिवे, गुडघ्याच्या उंचीवर आणि प्रकाश फक्त खाली सोडणाऱ्या झाकणासह बसवले, तर प्रकाश आडवा येतो आणि सावली जिन्याच्या दिशेने न पडता समोरच्या भिंतीकडे पडते. झाकण अत्यावश्यक, कारण चढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हे दिवे येतात आणि उघडे असतील तर दिपवतात. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी कागद लावला की तिचा झगझगाट आणि गजांची सावली दोन्ही मवाळ होतात. बटण वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणांहून चालेल असे, म्हणजे वायरमनच्या भाषेत टू-वे, घ्यावे. अंधारात जिना उतरून खाली बटण शोधण्याची वेळ येत असेल तर बाकीचा खटाटोप व्यर्थ जातो. मोबाइलवरील लक्स मोजणारे अ‍ॅप अचूक नसते, तरी एकेका पायरीवर मोबाइल ठेवून आकडे ताडून पाहिले की कोणती पायरी अंधारात राहते ते कळते, आणि तेवढे पुरेसे असते.

चकाकीचा प्रश्न नव्या इमारतींत अधिक आहे. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर दिव्याचे प्रतिबिंब पडते आणि त्या झळाळीखाली पट्टी झाकली जाते, तेव्हा तिथे पट्टीही खरखरीत आणि बिनचकाकीचीच लागते. शहाबादी दगड पावसाळ्यात ओला झाला की गडद होतो आणि तत्त्वतः पिवळ्याशी त्याचे अंतर वाढते, परंतु वर पाण्याचा थर चमकत असल्याने प्रत्यक्षात लाभ होत नाही. गुळगुळीत ऑइलपेंट ओला झाल्यावर निसरडाही होतो. म्हणून रंग ओला असतानाच त्यावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरवून वाळू देतात, आणि त्यावर आणखी एक हात फिरवतात. चिकटपट्टी वापरायची तर दगड साबणाने धुऊन, पूर्ण सुकवून, पट्टीची टोके गोल कापून मगच ती दाबून बसवावी, कारण चौकोनी कोपरा आधी उचकटतो आणि उचकटलेली पट्टी पायात अडकते.

एवढे करूनही काही डोळ्यांना पट्टी पुरत नाही. काचबिंदूत नजरेच्या क्षेत्राचा खालचा भाग गेलेला असेल तर पायाजवळची पट्टी मान खाली घातल्याशिवाय दिसतच नाही. दोन नंबरांच्या चष्म्यात खालचा भाग वाचण्यासाठी असल्याने त्यातून पाहिलेली पायरी कितीही उठावदार असली तरी पुसट होते, आणि अशा व्यक्तीला जिन्यापुरता केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा हा उपाय नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याने करून पाहावा लागतो. एकाच डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना दोन डोळ्यांत निराळाच उजळपणा दिसतो, त्यामुळे खोलीचा अंदाज काही काळ बिघडलेला राहतो. या सर्वांसाठी कठड्याची लाकडी किंवा लोखंडी दांडी भिंतीच्या रंगाहून ठळक वेगळी रंगवून ती शेवटच्या पायरीच्या पुढे साधारण एक फूट नेली, तर पडवी कुठे सुरू होते हे हाताला आधी कळते आणि पाय त्यानंतर पडतो.