पैसे भरण्याआधी पत्र हातात घ्या

माझ्या मावसभावाच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी 1,40,000 रुपयांवर गेली होती. वसुली एजंट फोनवर म्हणाला, "साठ हजार भरा, विषय संपला." त्याने भरले. दोन वर्षांनी दुसऱ्याच कंपनीची नोटीस आली: उरलेले 80,000 आणि त्यावरचं व्याज. बँकेच्या नोंदीत ते साठ हजार थकबाकीपोटी आलेला एक हप्ता होता, आणि बाकी कर्ज तिने विकून टाकलं होतं.

भारतीय करार कायद्याच्या कलम 63 नुसार सावकार कमी रकमेवर समाधान मानून बाकी सोडू शकतो. पण त्याने तसं मान्य केलं होतं, हे दाखवायला कागद लागतो. म्हणून पैसे भरण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर, अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र घ्यावं. त्यात खातेक्रमांक, रक्कम, भरण्याची शेवटची तारीख हवी. सर्वांत महत्त्वाचं वाक्य असं: "ही रक्कम पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून स्वीकारली असून उर्वरित रक्कम माफ केली आहे, बँक किंवा तिच्याकडून कर्ज घेणारी कोणतीही संस्था यापुढे दावा करणार नाही." कोर्टात किंवा लवादापुढे प्रकरण असेल तर ते मागे घेण्याचाही उल्लेख हवा.

पैसे थेट कर्जखात्यातच भरा, एजंटाच्या हातात कधीच नको. तारीख एका दिवसानेही चुकली तर बँक सवलत रद्द करू शकते. नंतर 'नो ड्यूज' दाखला मागून घ्या. तरीही क्रेडिट अहवालात 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' असाच शेरा येतो, आणि पुढचं कर्ज मागताना तो आडवा येतो.