हस्तलिखित फेरफाराची संगणकीय प्रत : रेघा, समास आणि ओळींची जुळणी

मागील घटकात तुम्ही हस्तलिखिताचे प्रतिलेखन कसे करावे ते पाहिले. तेथे आपले लक्ष अक्षरवाचनाकडे होते. या घटकात अक्षरे बरोबर लागल्यानंतरचा प्रश्न घ्यावयाचा आहे. छापील चौकटीत हाताने भरलेला नमुना संगणकावर उतरविताना त्याची चौकट, समास व ओळींची आमनेसामने जुळणी कशी टिकवावी, हा तो प्रश्न होय. उदाहरण म्हणून गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही घेऊ. खेड तालुक्यातील चाकणजवळच्या निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या गावांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीखाली गेल्या. तेथील कुटुंबांत आजही जुन्या हस्तलिखित फेरफारांच्या झेरॉक्स प्रती जपून ठेवलेल्या असतात. कोणता गट कोणाच्या वाट्याला आला होता हे त्यांवरूनच कळते.

या नमुन्यात चार स्तंभ असतात : नोंदीचा अनुक्रमांक, संपादन केलेल्या अधिकाराचे स्वरूप, परिणाम झालेले भूमापन व उपविभाग क्रमांक, आणि चाचणी अधिकाऱ्याची आद्याक्षरी किंवा शेरा. भाषेच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सलग गद्यात शब्दांचा संबंध विभक्तिप्रत्ययांनी दाखविला जातो. नमुन्यात तो जागेने दाखविला जातो. दुसऱ्या स्तंभातील नावासमोर तिसऱ्या स्तंभात '१२१' लिहिले, की 'यांस गट १२१ मिळाला' असे वाक्य न लिहिताच पूर्ण होते. जागा हलली की वाक्य बदलते.

एक नोंद कल्पून पाहू. अनुक्रमांक ४१२, वाटपाची नोंद. दुसऱ्या स्तंभात प्रास्ताविक वाक्य आणि त्याखाली तीन नावे आहेत : थोरला भाऊ, धाकटा भाऊ, विधवा भावजय. तिसऱ्या स्तंभात चार क्रमांक आहेत. थोरल्यासमोर ११८/१, धाकट्यासमोर ११८/२ व त्याखाली १२१, भावजयीसमोर १२४. मूळ पानावर धाकट्याच्या नावाखाली एक ओळ मोकळी आहे. विद्यार्थी सहसा दुसरा स्तंभ एका खणात आणि तिसरा स्तंभ शेजारच्या खणात सलग टंकलिखित करतात. मग मोकळी ओळ गळते, तीन नावांपुढे चार क्रमांक उभे राहतात, १२१ भावजयीसमोर येतो आणि १२४ ला कोणीच धनी उरत नाही. एकही अक्षर चुकलेले नसते, तरी प्रत चुकीची असते.

स्पेसची कळ दाबून ही जुळणी साधण्याचा मोह होतो. जुन्या टंकलेखन यंत्रावर ते बऱ्याच अंशी चालत असे, कारण तेथे गाडी ठरावीक अंतराने सरकते. संगणकाच्या देवनागरी फाँटमध्ये 'र' अरुंद आणि 'क्ष' रुंद असतो. त्यामुळे स्पेस मोजून लावलेली ओळ दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या फाँटमध्ये, हमखास हलते.

यावरचा उपाय असा, की ज्या ओळीला समोर जोडीदार आहे तिला स्वतंत्र आडवी रांग द्यावी. प्रतिलेखन साध्या मजकुरात करतानाच स्तंभांच्या सीमेवर उभी रेघ टंकलिखित करा. प्रत्येक ओळीत तीन रेघा आल्याच पाहिजेत, खण रिकामा असला तरीही.

```
४१२|वाटप. वारसांनी आपसांत वाटप केले ते असे :||नोंद मंजूर
|१) थोरला भाऊ|११८/१|
|२) धाकटा भाऊ|११८/२#१२१|
|३) विधवा भावजय|१२४|
```

येथील # ही खूण 'याच खणात पुढची ओळ' असे सांगते. हा मजकूर वर्डमध्ये निवडून `Insert > Table > Convert Text to Table` येथे जा, स्तंभसंख्या ४ द्या व `Other` च्या चौकटीत | हे चिन्ह भरा. सारणी तयार झाल्यावर शोधा-बदला या सोयीने # च्या जागी `^p` घाला. १२१ आता धाकट्या भावाच्याच खणात राहतो. नाव दोन ओळींवर गेले किंवा फाँट बदलला तरी तो तेथून हलत नाही.

आता रेघा. मूळ वहीत आडवी रेघ एक नोंद संपल्यावरच असते, नावांच्या मध्ये नसते. म्हणून या चार रांगा निवडून `Inside Horizontal Border` काढून टाका; बाहेरच्या व उभ्या रेघा ठेवा. रांगा राहतात, दिसत नाहीत. चौथ्या स्तंभातील शेरा सबंध नोंदीला लागू असतो, म्हणून तेथील चारही खण `Merge Cells` ने एक करा. काही जण सर्व रेघा ठेवतात. ते सुबक दिसते, पण वाचणाऱ्याला एका नोंदीच्या चार नोंदी वाटतात.

स्तंभांची रुंदी मूळ पानावर पट्टीने मोजावी. समजा ती २, २०, ५ व ६ सें.मी. भरली, म्हणजे एकूण ३३. ए-फोर कागद २१ सें.मी. रुंद, दोन्ही बाजूंस २ सें.मी. समास सोडला तर १७ उरतात. त्याच प्रमाणात सुमारे १, १०.३, २.६ व ३.१ अशी रुंदी येते. मात्र १ सें.मी.च्या खणात आतील समास वजा जाता '४१२' मोडून दोन ओळींत जाण्याचा धोका असतो. तेव्हा पहिल्या स्तंभाला १.४ द्या व दुसरा ९.९ करा. येथे प्रमाणाला चिकटून बसण्यात अर्थ नाही. रुंदी ठरली की `Table Properties > Options` मधील `Automatically resize to fit contents` ही खूण काढा. अन्यथा एखादा लांब शब्द येताच स्तंभ आपोआप पसरतो. रांगेची उंची `Exactly` ठेवू नका, `At least` ठेवा. देवनागरीत वेलांटी व रफार वर, उकार खाली जातो; उंची जखडली की हे अवयव छाटले जातात आणि 'की'चा 'का' वाचला जाण्याची वेळ येते.

नावांचा समास परिच्छेदाच्या `Hanging` या सोयीने द्यावा, ०.७५ सें.मी. पुरते. क्रमांक मात्र हाताने लिहिलेलेच ठेवा. संगणकाने त्यांची स्वयंचलित यादी केली, तर एखादी रांग काढताच पुढचे आकडे बदलतील आणि शेऱ्यातील 'अ.नं. ३ यांस' हा उल्लेख भलत्याकडे जाईल. तशी यादी झालेली दिसताच लगेच `Ctrl+Z` दाबावे.

नोंदीत क्षेत्र दिले असेल तर आणखी एक पेच उभा राहतो. जुने क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते आणि ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. '२-५' म्हणजे दोन एकर पाच गुंठे, ते २.५ असे उतरवले, तर वाचणारा अडीच एकर, म्हणजे दोन एकर वीस गुंठे समजेल. दशांशचिन्हावर आकडे जुळविण्याची सोय येथे घातक ठरते. एकर व गुंठे यांचे दोन उपस्तंभ करून प्रत्येक उजवीकडे जुळवावा.

सारणीत न मावणाऱ्या खुणाही असतात. सातबाऱ्यावर कमी केलेल्या नावांना कंस केलेला असतो. कधी एकच मोठा कंस चार नावांना वेढतो. तो टंकलिखित कंसाने दाखवू नका, कारण साधा कंस लेखकाच्या मजकुरातही येतो. चौकोनी कंसात '[मुळात कंस : नावे १ ते ४]' अशी संपादकीय टीप द्या. ही प्रत अभ्यासासाठी आहे. कार्यालयात किंवा न्यायालयात लागते ती अभिलेखाची प्रमाणित नक्कलच.

शेवटची तपासणी कागदावर करावी. झेरॉक्स त्याच प्रमाणात लहान करून घ्या, तुमची छापील प्रत तिच्यावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावा. उभ्या रेघा पहिला स्तंभ सोडून जवळपास एकमेकींवर याव्यात. त्यानंतर फक्त तिसरा स्तंभ हातात घ्या आणि प्रत्येक गटक्रमांकापासून डावीकडे बोट नेत मालकाचे नाव मोठ्याने वाचा. मूळ पानावरही तेच करा. नावाकडून क्रमांकाकडे गेल्यास धनी नसलेला आकडा लक्षात येत नाही, क्रमांकाकडून नावाकडे गेल्यास तो लगेच सापडतो.