अर्ध्या रेषांची हमी

कागदावर सहा ठिपके काढा आणि त्यांना अ, ब, क, ड, इ, फ अशी नावे द्या. अ, ब, क एकमेकांना जोडून एक त्रिकोण करा; ड, इ, फ जोडून दुसरा. मग अ-ड, ब-इ आणि क-फ या आणखी तीन रेषा ओढा. एकूण नऊ रेषा झाल्या. आता प्रत्येक ठिपक्याला लाल किंवा निळा रंग द्यायचा आहे. एखाद्या रेषेची दोन टोके वेगळ्या रंगांची झाली तर ती रेषा कापली गेली असे म्हणू. दोन्ही टोके एकाच रंगाची असतील तर ती अखंड राहिली. जास्तीत जास्त किती रेषा कापता येतील?

या चित्रापुरते उत्तर सात आहे. त्रिकोणाचे कोपरे तीन आणि रंग दोनच, त्यामुळे प्रत्येक त्रिकोणात किमान दोन कोपरे एका रंगाचे होणार आणि त्यांच्यामधली रेषा अखंड राहणार. त्रिकोण दोन, म्हणून किमान दोन रेषा हातच्या गेल्या. सातच्या वर जाता येत नाही, आणि सातपर्यंत पोचता येते हे पुढे दिसेलच.

ठिपके-रेषांच्या कोणत्याही चित्रासाठी हाच प्रश्न विचारला की त्याला संगणकशास्त्रात ‘मॅक्स कट’ म्हणतात. तो केवळ कोड्यांपुरता नाही. सोन्यात लोखंडाचे थोडे अणू मिसळले तर त्या अणूंमधल्या काही जोड्यांचा कल चुंबकीयदृष्ट्या एका दिशेला राहण्याकडे असतो, काहींचा विरुद्ध दिशेला. अशा पदार्थांची साधी प्रतिकृती मांडली, तर सगळ्यांत कमी ऊर्जेची रचना शोधणे म्हणजे मॅक्स कटच सोडवणे होते. फक्त तिथे प्रत्येक रेषेला स्वतःचे वजन असते.

सहा ठिपक्यांचे रंग ३२ खऱ्याखुऱ्या वेगळ्या प्रकारांनी ठरवता येतात (लाल-निळ्याची सरसकट अदलाबदल केली तर काहीच बदलत नाही, म्हणून ६४ चे निम्मे). हे हाताने तपासता येईल. शंभर ठिपक्यांना हाच आकडा ६ वर २९ शून्ये इतका जातो. पण प्रकार अफाट आहेत एवढ्यावरून प्रश्न अवघड ठरत नाही, आणि इथेच पुष्कळांची गल्लत होते. ‘सगळ्याच रेषा कापता येतील का?’ हा प्रश्न घ्या. प्रकार तेवढेच आहेत, पण उत्तर चुटकीसरशी मिळते: एका ठिपक्याला लाल करा, त्याच्या शेजाऱ्यांना निळे, त्यांच्या शेजाऱ्यांना लाल, असे पुढे जात राहा. कुठे दोन जोडलेल्या ठिपक्यांवर एकच रंग आला तर उत्तर ‘नाही’. न येता चित्र संपले तर ‘हो’. कोणताही रंग पूर्ण वगळायचा नाही एवढ्याच अटीवर कमीत कमी रेषा कापायच्या असतील, तर त्यासाठीही जलद रीत आहे. अडचण होते ती सगळ्या रेषा कापता येत नाहीत हे कळल्यावर नेमक्या किती कापता येतील हे विचारताना. कोणत्या रेषा सोडायच्या हे ठरवायला गेलो की एका ठिकाणचा निर्णय दूरच्या ठिकाणी अडथळा आणतो.

रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये २१ अवघड प्रश्नांची जी प्रसिद्ध यादी दिली, तिच्यात मॅक्स कट आहे. तिथे रेषांना वजने होती. १९७६ मध्ये गॅरी, जॉन्सन आणि स्टॉकमायर यांनी दाखवले की सगळ्या रेषा सारख्याच मोलाच्या असल्या तरी प्रश्न तितकाच अवघड राहतो. अवघड याचा अर्थ असा: प्रत्येक चित्रावर चालणारी जलद रीत कोणाला सापडलेली नाही, आणि सापडलीच तर या कुळातल्या हजारो प्रश्नांना एका फटक्यात जलद रीत मिळेल. अशी रीत असूच शकत नाही, हे मात्र अजून सिद्ध झालेले नाही.

सर्वोत्तम उत्तर हाती येत नसेल तर निदान किती मिळवता येईल? त्यासाठी एक अगदी साधी रीत आहे. रंग कसेही द्या. मग असा एखादा ठिपका शोधा, ज्याच्या कापलेल्या रेषांपेक्षा अखंड रेषा जास्त आहेत. त्याचा रंग बदला. पुन्हा शोधा. असा एकही ठिपका उरला नाही की थांबा.

आपल्या चित्रावर करून पाहू. सगळे ठिपके लाल ठेवून सुरुवात केली, म्हणजे कापलेल्या रेषा शून्य. अ च्या तिन्ही रेषा अखंड आहेत, म्हणून अ निळा केला: ३ कापल्या. आता ब च्या दोन अखंड आणि एक कापलेली, म्हणून ब निळा: ४. ड चीही तीच स्थिती, ड निळा: ५. आता पुन्हा अ कडे पाहा. त्याचे शेजारी ब आणि ड दोघेही निळे झाले, त्यामुळे त्याच्या दोन रेषा अखंड झाल्या. अ परत लाल केला: ६. शेवटी फ पाहिला, तर इ आणि क हे त्याच्याच रंगाचे, फक्त ड वेगळा. फ निळा केला: ७. आता कोणताही ठिपका तपासा, एकाहून जास्त अखंड रेषा कोणाच्याही वाट्याला नाहीत. थांबलो, आणि या वेळी नेमक्या सर्वोत्तम उत्तरावर थांबलो.

अ चा रंग दोनदा बदलला हे लक्षात घ्या. एकदा बदललेला ठिपका पुन्हा बदलावा लागू शकतो, मग ही रीत गोल गोल फिरत राहणार नाही कशावरून? ठिपक्यांवरून ते कळत नाही, आकड्यावरून कळते. ठिपक्याचा रंग बदलला की त्याच्या अखंड रेषा कापल्या जातात आणि कापलेल्या अखंड होतात. बाकीच्या रेषांना धक्का लागत नाही. अखंड जास्त होत्या म्हणूनच आपण रंग बदलला, तेव्हा कापलेल्यांची संख्या दर खेपेला किमान एकाने वाढते. ती शून्याच्या खाली कधी नव्हती आणि एकूण रेषांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून जितक्या रेषा, फार तर तितक्याच खेपांत रीत थांबते.

आता थांबल्यावर काय हाती लागते ते पाहू. थांबलो याचाच अर्थ असा की प्रत्येक ठिपक्याजवळ कापलेल्या रेषा अखंड रेषांहून कमी नाहीत. सगळ्या ठिपक्यांजवळच्या कापलेल्या रेषांची बेरीज करा, आणि अखंड रेषांची वेगळी बेरीज करा. पहिली बेरीज दुसरीहून कमी असू शकत नाही. पण प्रत्येक रेषेला दोन टोके असतात, त्यामुळे दोन्ही बेरजांत प्रत्येक रेषा बरोबर दोनदा मोजली गेली. दोन्हींना दोनाने भागले की उरते ते हे: चित्रातल्या एकूण कापलेल्या रेषा एकूण अखंड रेषांहून कमी नाहीत. म्हणजे किमान निम्म्या रेषा कापल्या गेल्या. सिद्धता संपली. चित्र कसेही असो, सुरुवात कुठूनही करा, ठिपके कोणत्याही क्रमाने तपासा, निम्म्याची हमी सुटत नाही. प्रत्येक ठिपक्याने फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे पाहायचे आणि त्यातून सगळ्या चित्राबद्दल पक्के विधान निघावे, हे मला आजही विलक्षण वाटते.

प्रत्येक ठिपक्यासाठी नाणे उडवून रंग ठरवला तरी सरासरीने निम्म्या रेषा कापल्या जातात. पण ती सरासरी झाली. एखादी विशिष्ट खेप त्याहून वाईट निघू शकते.

रीत साधी असली तरी दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे, रंग एका वेळी एकाच ठिपक्याचा बदलायचा. सगळे लाल असताना सगळ्यांनी आपापल्या अखंड रेषा पाहून एकदम रंग बदलला, तर सगळे निळे होतात, कापलेल्या रेषा शून्यच राहतात, आणि पुढच्या खेपेला सगळे परत लाल. कापलेल्यांचा आकडा चढत नाही असे दिसले की समजावे, इथेच गडबड आहे. दुसरे म्हणजे, अखंड आणि कापलेल्या रेषा समसमान असतील तर ठिपक्याला हात लावायचा नाही. लावला तर आकडा जागच्या जागी राहतो आणि थांबण्याची खात्रीच नाहीशी होते.

रेषांना धन वजने असली तरी संख्येऐवजी वजनांच्या बेरजा घेऊन निम्म्याची सिद्धता जशीच्या तशी चालते. खेपांची हमी मात्र जाते: प्रत्येक खेपेचा फायदा अगदी चिमूटभर असू शकतो, आणि अशी चित्रे माहीत आहेत ज्यांत ही रीत थांबायला प्रचंड वेळ घेते. वजने ऋणही असली, जशी त्या अणूंच्या प्रश्नात असतात, तर निम्म्याची हमीही लागू होत नाही.

निम्म्याच्या पुढे हमी वाढवता येईल का? शंभर ठिपके घेऊन प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडले तर ४,९५० रेषा होतात. ठिपके पन्नास-पन्नास वाटले की २,५०० कापल्या जातात, आणि याहून जास्त कोणालाच जमणार नाही. म्हणजे साधारण साडेपन्नास टक्के. ठिपके वाढवत गेलो की हा आकडा निम्म्याच्या आणखी जवळ येतो. म्हणून सगळ्या चित्रांना लागू पडेल अशी, निम्म्याहून मोठ्या वाट्याची हमी कोणतीच रीत देऊ शकत नाही.

पण आपल्या रीतीची स्वतःची उणीव वेगळी आहे, आणि ती दिसायला एक चौकोन पुरतो. कोपरे क्रमाने अ, ब, क, ड; अ आणि ब लाल, क आणि ड निळे. प्रत्येक कोपऱ्याची एक रेषा कापलेली, एक अखंड. रीत इथेच थांबते, चारपैकी दोन रेषांवर. खरे तर ब आणि क यांचे रंग एकाच वेळी बदलले तर चारही रेषा कापल्या जातात. एकेकट्या ठिपक्याला ते दिसत नाही. जोड्याही तपासायच्या ठरवल्या तरी मोठ्या चित्रांत जोड्यांना न दिसणारे सापळे असतात. व्यवहारात म्हणूनच वेगवेगळ्या सुरुवाती करून त्यांतले उत्तम उत्तर घेतात.

सर्वोत्तम उत्तराच्या निम्म्यापर्यंतच खात्रीने पोचायचे, ही मर्यादा बराच काळ तशीच राहिली. ती ओलांडली मिशेल गोमन्स आणि डेव्हिड विल्यमसन यांनी, १९९० च्या दशकाच्या मध्यावर. त्यांनी ठिपक्यांना दोन रंगांऐवजी अनेक मितींच्या गोलावरच्या दिशा दिल्या, जोडलेल्या ठिपक्यांच्या दिशा शक्य तितक्या विरुद्ध ठेवल्या, आणि मग गोलाच्या मध्यातून यदृच्छेने एक छेद घेऊन दोन बाजू पाडल्या. यातून सरासरीने सर्वोत्तम उत्तराच्या किमान ८७.८ टक्के मिळतात. दुसऱ्या बाजूने योहान होस्टाड यांनी दाखवले की १७ पैकी १६ हिश्श्यांपलीकडे, म्हणजे सुमारे ९४.१ टक्क्यांपलीकडे खात्रीने जाणे हे मूळ प्रश्नाइतकेच अवघड आहे.

या दोन आकड्यांमधल्या पट्ट्याबद्दल सगळ्यांत धारदार विधान इचलकरंजीत जन्मलेल्या सुभाष खोत यांच्या कामातून आले. त्यांनी २००२ मध्ये ‘युनिक गेम्स’ नावाचे अनुमान मांडले. २००४ मध्ये खोत, किंडलर, मोसेल आणि ओ’डॉनेल यांनी दाखवून दिले की ते अनुमान खरे असेल तर ८७.८ टक्क्यांच्या पुढे कोणतीही जलद रीत खात्रीने जाऊ शकणार नाही. त्या वेळी त्यांच्या युक्तिवादाला जे आणखी एक गणिती गृहीतक लागत होते, ते लवकरच सिद्धही झाले. खोत यांना २०१४ मध्ये नेव्हानलिना पारितोषिक मिळाले. युनिक गेम्सचे अनुमान अजून सिद्धही झालेले नाही आणि खोटेही ठरलेले नाही, त्यामुळे ८७.८ ते ९४.१ हा पट्टा आजही खुला आहे.