बायोसमधला ‘रिसायझेबल बार’: कुणी सुरू करावा, कुणाला त्याशिवाय चालणार नाही

सेकंडहँड पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं की बायोसमध्ये Re-Size BAR Support अशी एक ओळ सापडते. कुणी सांगतं, ती चालू केली की गेम पळायला लागतात. कुणी म्हणतं, काही फरक पडत नाही. दोघांचंही खरं असू शकतं, कारण उत्तर कार्ड कुणाचं आहे यावर ठरतं. रेडिऑन किंवा जीफोर्सला हा पर्याय थोडा फायदा देतो. इंटेलच्या आर्क कार्डाच्या बाबतीत मात्र तो नसेल तर कार्ड घेऊच नये, असं मी स्पष्ट सांगेन.

प्रोसेसरला एखाद्या उपकरणाच्या मेमरीत काही लिहायचं असेल, तर त्या मेमरीला पत्ते असावे लागतात. संगणक सुरू होताना बायोस प्रत्येक कार्डाला पत्त्यांचा एक पट्टा वाटून देतं आणि तो कुठून सुरू होतो हे कार्डावरच्या एका नोंदवहीत लिहून ठेवतं. तिला म्हणतात बेस अ‍ॅड्रेस रजिस्टर, म्हणजेच बार. ३२ बिटांच्या काळात सगळे पत्ते मिळून ४ जीबीचेच होते आणि त्यातच रॅम आणि बाकीची उपकरणं सामावायची होती. त्यामुळे ग्राफिक्स कार्डाला २५६ एमबीचा पट्टा देण्याची प्रथा पडली. कार्डं ८ जीबीची झाली तरी प्रथा तीच राहिली. मोठ्या गोदामाला एकच लहान खिडकी असावी, तसं हे झालं: प्रोसेसरला एका वेळी बत्तिसावा हिस्साच दिसणार, पलीकडचं काही हवं असेल तर खिडकी सरकवायची.

पट्ट्याचा आकार बदलता यावा अशी तरतूद पीसीआय एक्सप्रेसच्या नियमांत २००८ मध्येच झाली. कार्ड आपल्याला चालणाऱ्या आकारांची यादी देतं आणि बायोस त्यातला एक निवडतं. आकार नेहमी दुपटीच्या हिशोबात असतात. म्हणून १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० कार्डाचा पट्टा १६ जीबीचा दिसतो. त्यात बिघाड काही नाही.

यातून नेमकं काय वेगवान होतं, याबद्दल गैरसमज फार आहेत. गेममधली मोठी चित्रं आधी रॅममध्ये येतात आणि तिथून कार्डाचं स्वतःचं यंत्र ती ओढून घेतं. या कामाला ती खिडकी लागतच नाही, त्यामुळे तिचा आकार वाढवून ते वेगवान होत नाही. फरक पडतो तो प्रोसेसर दर फ्रेमला जी बारीकसारीक माहिती पाठवतो तिच्यात: कोणती वस्तू कुठे आहे, कॅमेरा कुठे वळला, दिवा कुठे लागला. २५६ एमबीत ड्रायव्हर आणि गेम दोघांना भागवावं लागायचं, म्हणून बरीचशी माहिती आधी रॅममध्ये ठेवून मग कार्डावर नकलून न्यावी लागे. संपूर्ण मेमरी उघडी झाली की प्रोसेसर थेट तिथेच लिहितो आणि मधली नक्कल वाचते.

उलट दिशेने मात्र हा रस्ता संथ आहे. कार्डाच्या मेमरीतून काही वाचायचं झालं तर प्रोसेसरला ताटकळावं लागतं. माहिती चुकीच्या जागी ठेवली गेली तर एखाद्या गेमचा वेग कमीही होतो. म्हणूनच एनव्हिडिया सरसकट सर्व गेमना ही सोय देत नाही. ज्यांत फायदा दिसला त्यांची यादी ड्रायव्हरमध्येच असते. बायोसमध्ये पर्याय चालू आणि गेममध्ये ढिम्म फरक नाही, असं जीफोर्सवाल्यांना दिसतं त्याचं हे एक कारण.

घरगुती पीसीत ही सोय खऱ्या अर्थाने आली ती नोव्हेंबर २०२० मध्ये. एएमडीने रेडिऑन आरएक्स ६००० मालिकेसोबत ती ‘स्मार्ट अ‍ॅक्सेस मेमरी’ या नावाने आणली. पुढे आरएक्स ५००० मालिकेलाही ती मिळाली. एनव्हिडियाचं पहिलं कार्ड फेब्रुवारी २०२१ चं आरटीएक्स ३०६०. त्याआधी विकलेल्या ३०७०, ३०८० वगैरे कार्डांना कार्डाचंच फर्मवेअर बदलावं लागतं, आणि जुन्या बाजारातून असं कार्ड घेताना हे विचारून घ्यावं. आरटीएक्स २० आणि जीटीएक्स १६ मालिकांना अधिकृत सोय नाही. रेडिऑन आणि जीफोर्सवर सरासरी फायदा काही टक्क्यांचा. एखाद्या गेममध्ये तो दहा टक्क्यांच्या वर जातो, काहींत शून्य असतो.

प्रोसेसरमध्ये इंटेलची दहावी पिढी आणि पुढचे, एएमडीचे रायझन ३००० आणि पुढचे, असा ढोबळ नियम आहे. त्यात एक फसवी जागा आहे. रायझन ३ ३२००जी आणि रायझन ५ ३४००जी यांच्या नावात ३००० चा आकडा असला तरी त्यांची आतली रचना आधीच्या पिढीची आहे आणि ते या यादीत बसत नाहीत.

आता एक उदाहरण घेऊ. रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड आणि ८ जीबीचं आरएक्स ६६००. हे बोर्ड २०१८ मधलं, म्हणजे ही सोय येण्याआधीचं. म्हणून आधी बनवणाऱ्या कंपनीचं नवं बायोस घालायचं. मग विंडोजमध्ये msinfo32 उघडून BIOS Mode समोर UEFI आहे की Legacy, ते पाहायचं. ही पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात. रिसायझेबल बारसाठी बायोसमधलं CSM बंद करावं लागतं, आणि विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर CSM बंद करताच संगणकाला विंडोज सापडेनासं होतं. काही बिघडलेलं नसतं. CSM पुन्हा चालू केलं की सगळं पूर्ववत होतं. कायमचा उपाय म्हणजे बॅकअप घेऊन डिस्क जीपीटी करणं. आधी नुसती तपासणी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून:

```
mbr2gpt /validate /allowFullOS
```

ती पार पडली तर `/validate` च्या जागी `/convert`. बिटलॉकर चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी तो तात्पुरता थांबवावा, नाहीतर पुढच्या वेळी रिकव्हरी की मागितली जाते. त्यानंतर बायोसमध्ये CSM बंद, Above 4G Decoding चालू आणि मग Re-Size BAR Support चालू. मधला पर्याय कार्डाचा पट्टा ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांत ठेवायची परवानगी देतो. ८ जीबीचा पट्टा खाली मावणारच नाही.

झालं की नाही, हे बायोसवर विसंबून ठरवू नये. विंडोजच्या Device Manager मध्ये कार्डाच्या Resources या भागात Large Memory Range दिसायला हवं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये System Information खाली Resizable BAR समोर Yes येतं. लिनक्सवर रेडिऑन असेल तर:

```
sudo dmesg | grep "BAR="
```

यात BAR=8192M आलं तर पूर्ण मेमरी उघडली. BAR=256M आलं तर वरची एखादी पायरी राहिली आहे.

इंटेलची आर्क कार्डं याला अपवाद आहेत. २०२२ ची ए७५० आणि ए७७०, नंतरचं बी५८०, या सगळ्यांची रचनाच ही सोय गृहीत धरून केलेली आहे. ती नसेल तर वेग बराच घसरतो आणि खेळ अडखळत चालतो. इंटेल स्वतःही ती चालू ठेवायला सांगतं. ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीचे आय५ पीसी स्वस्तात मिळतात आणि त्यांत स्वस्त आर्क बसवावं असं वाटणं साहजिक आहे. पण अशा ब्रँडेड ऑफिस पीसीच्या बायोसमध्ये हा पर्याय सहसा नसतो. त्याच पैशात जुनं रेडिऑन घेतलेलं बरं. शिवाय बी५८० चा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, हे २०२५ च्या सुरुवातीच्या चाचण्यांत दिसून आलं होतं. रायझन ५ ३६०० सारख्या प्रोसेसरवर ते कार्ड रिसायझेबल बार चालू असूनही काही गेममध्ये अपेक्षेपेक्षा मागे पडतं.