श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे बघा

परीक्षेच्या वर्गाबाहेर हातपाय गार पडलेल्या मुलाला घरचं माणूस हमखास सांगतं, ‘मोठा श्वास घे, अजून मोठा घे.’ मुलगा छाती फुगवून भराभर श्वास ओढतो आणि मिनिटभरात म्हणतो, गरगरतंय, बोटांना मुंग्या येताहेत. सल्ला प्रेमाचा असला तरी उलटा पडलेला असतो. मुलाला ऑक्सिजन कमी पडलेला नसतोच. भराभर मोठे श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं; ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी बोटं आखडतातही. मग घाबरून तो आणखी जोरात श्वास घेतो.

ताण उतरवायचा तर लक्ष द्यायचं ते श्वास सोडण्याकडे. मनगटावर नाडी धरून पाहा. श्वास आत घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना रेंगाळतात. तरुण माणसात हा फरक बोटांना सहज कळतो. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस ही नस हृदयाला जास्त लगाम घालते. उच्छ्वास लांबवला की तो लगाम जास्त वेळ राहतो.

करायचं इतकंच. उताणं पडून गुडघे दुमडा, किंवा खुर्चीत पाठ टेकून बसा. एक हात छातीवर, एक बेंबीच्या जरा वर. नाकाने हळू श्वास घेताना पोटावरचा हात उचलला जावा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा. मनात चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, मध्ये थांबू नका. आकडा सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात; एरवी स्वस्थ बसलेला माणूस बारा ते वीस घेतो. पाच मिनिटं पुरे. श्वास फार भरून घ्यायचा नाही, नेहमीएवढाच घ्यायचा, फक्त सावकाश. सोडून झाल्यावर पुढचा श्वास गटकन ओढावासा वाटला तर मोजणी झेपत नाहीये असं समजा आणि तीन-चारवर या. मोजायचाच कंटाळा असेल त्याने भ्रामरी करावी. तोंड मिटून हलका गुंजारव करत राहिलं की उच्छ्वास आपोआप लांबतो. कानात बोटं घालायलाच हवीत असं नाही.

आपल्याकडे मात्र ‘प्राणायाम’ म्हटलं की आधी कपालभाती आठवते. हठप्रदीपिकेत ती प्राणायामांत नाही, शुद्धिक्रियांत सांगितली आहे, आणि माझ्या मते ताणाने गांजलेल्या नवख्याने तिथून सुरुवात करूच नये. पोटाला झटके देत जोरात श्वास फेकायची ही क्रिया शरीराला शांत करण्यापेक्षा चेतवते. पोटातला दाबही वाढतो. म्हणून गरोदर बाई, सिझेरियन किंवा पोटाचं दुसरं ऑपरेशन नुकतंच झालेली व्यक्ती आणि हर्नियाचा रुग्ण यांनी ती करू नये. आटोक्यात नसलेलं बीपी, हृदयविकार, फिट्स, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेल्यांनीही तिच्यापासून लांबच राहावं. भस्त्रिकेलाही हेच लागू.

कुंभकाचं म्हणजे श्वास रोखण्याचं तसंच. समजा, पन्नाशीतल्या एका गृहस्थांचं बीपी गोळ्या घेऊनही दीडशेच्या वर राहतं आणि मोबाइलवर पाहून ते चार आकडे घ्या, सात रोखा, आठ सोडा असा प्रकार करू लागले. सातव्या आकड्याला चेहरा लाल, मानेच्या शिरा ताठ. त्यांनी मधले सात आकडे गाळून टाकावेत. चार घ्या, सहा सोडा एवढ्यावर त्यांचं काम भागतं. गोळी मात्र चालूच ठेवायची. गरोदरपणातही रोखणं नको, आणि शेवटच्या महिन्यांत उताणं पडण्याऐवजी डाव्या कुशीवर किंवा बसून हा सराव करावा.

आणखी एक गट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ज्यांना पॅनिकचे झटके येतात, त्यांतल्या काहींना श्वासावर लक्ष नेलं की जास्तच धास्ती वाटते. डोळे मिटले की छातीतली प्रत्येक धडधड मोठी होते. अशांनी डोळे उघडे ठेवून, तळपाय जमिनीवर दाबून, मोजणी न करता सावकाश फुंकर घातल्यासारखा श्वास सोडावा. तेही नको वाटलं तर चालायला जावं. दम्याच्या झटक्यात आधी पंप घ्यायचा, व्यायाम नंतर. छातीत दाबल्यासारखं होऊन दुखणं हातात किंवा जबड्यात उतरत असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर आकडे मोजत बसू नये, १०८ला फोन लावावा.